मोबाइलचा किब्ला चुकतोय? दोष सेन्सरचा की अ‍ॅपचा, असं ओळखा

पुण्यात कोंढव्याला आमच्या एका सहकाऱ्याने नवीन फ्लॅट घेतला. पहिल्याच संध्याकाळी जानमाज कुठल्या दिशेला अंथरायची यावरून घरात चर्चा सुरू झाली. तीन मोबाइल काढले, तर तिघांची दिशा वेगळी. अब्बा म्हणाले, "आता यातलं खरं कोणाचं?" आम्ही ते तिन्ही फोन तपासले. प्रत्येकाचं दुखणं निराळं निघालं. तुमच्या घरीही असं होत असेल, तर तपासायची रीत अशी.

आधी आकडा बघा, मग बाण

किब्ला दाखवणारं अ‍ॅप दोन वेगळी कामं करतं. पहिलं काम हिशेबाचं. तुम्ही कुठे आहात हे लोकेशनवरून घेऊन तिथून काबा उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते काढायचं. या कामाला होकायंत्र लागत नाही. दुसरं काम, फोनचं तोंड आत्ता कुठे आहे ते ओळखून बाण फिरवायचा. हे काम मॅग्नेटोमीटर, म्हणजे फोनमधला चुंबकीय सेन्सर करतो.

म्हणून आधी बाणाकडे नको, आकड्याकडे बघा. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास मुंबईहून किब्ला साधारण 280 अंशांवर आहे, पुण्याहून 281, औरंगाबादहून 279 आणि नागपूरहून 278. आपल्याकडे पश्चिम 270 वर धरली, तर किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. आकडाच चुकीचा असेल तर सेन्सरला दोष देऊ नका, गडबड लोकेशनची आहे. आकडा बरोबर आणि बाण भलतीकडे, तर मामला होकायंत्राचा.

पहिला फोन: आकडाच चुकलेला

सहकाऱ्याचे मेव्हणे दोन दिवसांपूर्वी दुबईहून आले होते. त्यांच्या अ‍ॅपमध्ये 258 आकडा दिसत होता. दुबईहून किब्ला तेवढ्याच अंशांवर आहे! फोनचं लोकेशन बंद होतं आणि अ‍ॅपने जुनंच शहर धरून ठेवलं होतं. पुण्यात यामुळे 23 अंशांचा फरक पडला. लोकेशन चालू केलं, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं, आकडा 281 झाला. हा निव्वळ सॉफ्टवेअरचा घोळ.

दुसरा फोन: कव्हरमधलं चुंबक

भाईजानच्या फोनवर आकडा 281 बरोबर होता, पण बाण चाळीसेक अंश सरकलेला. फोन पुस्तकासारख्या फ्लिप कव्हरमध्ये होता आणि त्याच्या झाकणात चुंबक होतं.

सेन्सर तपासणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात, त्यात चुंबकीय क्षेत्राचा आकडा मायक्रोटेस्लामध्ये दिसतो. महाराष्ट्रात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण 40 ते 45 असतं. या फोनवर 120 दिसत होते. कव्हर काढलं, आकडा खाली आला. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता, तो शेजारचं चुंबक इमानदारीने मोजत होता.

लोखंडी कपाट, स्टीलचा पलंग, स्पीकर, गाडीतला चुंबकाचा होल्डर, स्लॅबमधल्या सळया, सगळे असाच घोळ करतात. ही अडचण फक्त मोबाइलची नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमापाचं काम अलिबागला हलवावं लागलं आणि 1904 पासून ते तिथे सुरू झालं. तेव्हा फोन कपाटापासून दोन-तीन मीटर लांब न्या. चार पावलं सरकल्यावर बाण बदलत असेल, तर दोष जागेचा समजा.

कॅलिब्रेशन नीट कसं करायचं

फोनच्या आतही स्पीकर आणि इतर धातूचे भाग असतात. त्यांचा असर वजा करण्यासाठी सेन्सरला पृथ्वीचं क्षेत्र सगळ्या बाजूंनी 'दिसावं' लागतं. म्हणून हवेत इंग्रजी 8 काढायला सांगतात.

कव्हर काढा, मोकळ्या जागी, शक्यतो गच्चीवर किंवा मैदानात जा. मनगट वळवत 8 चा आकडा चार-पाच वेळा काढा. फोन नुसता आडवा धरून हात हलवू नका. तो उभा, आडवा, उलटा असा सगळीकडून फिरला पाहिजे. कपाटाशेजारी उभं राहून कॅलिब्रेट केलं, तर चुकीचीच दुरुस्ती फोन लक्षात ठेवतो. गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं की कॅलिब्रेशनचा पर्याय मिळतो. आयफोनवर `Location Services` मधल्या `System Services` मध्ये `Compass Calibration` चालू आहे का ते बघा. नंतर दिशा पाहताना फोन तळहातावर सपाट धरा.

तिसरा फोन: सेन्सरच नाही

मुलीच्या स्वस्तातल्या फोनवर बाण जागचा हलतच नव्हता. कितीही 8 काढले तरी ढिम्म. तपासलं तर त्या मॉडेलमध्ये मॅग्नेटोमीटर बसवलेलाच नव्हता. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतो. अशा फोनला कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही. अ‍ॅपमधून फक्त अंश घ्या आणि दिशा दुसऱ्या फोनवरून ठरवा.

स्क्रीन फिरत नसेल तर

स्क्रीन आडवी-उभी होण्याचा होकायंत्राशी संबंध नाही. ते काम अ‍ॅक्सेलरोमीटर करतो, तो गुरुत्वाकर्षणावरून 'खाली' कुठे आहे ते ओळखतो. स्क्रीन नीट फिरते पण बाण चुकतो, तर अ‍ॅक्सेलरोमीटर ठीक आहे, बिघाड चुंबकीय बाजूला शोधा. स्क्रीन फिरत नसेल तर आधी `Auto-rotate` चालू आहे का पाहा. टेबलावर सपाट ठेवलेला फोन फिरवून स्क्रीन वळणार नाही, कारण तेव्हा गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलतच नाही.

सेन्सरच्या अ‍ॅपमध्ये फोन सपाट ठेवल्यावर `Z` पुढे साधारण 9.8 आणि उभा धरल्यावर `Y` पुढे तेवढंच दिसायला हवं. आकडे बरोबर बदलतात पण स्क्रीन वळत नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा.

दुकानात नेण्याआधी

फोन रीस्टार्ट करा. फरक पडला नाही तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, तेव्हा बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स बंद असतात. सेफ मोडमध्ये स्क्रीन बरोबर फिरली, तर एखादं अ‍ॅप आडवं येतंय. सॅमसंगच्या बहुतेक फोनवर डायलरमध्ये हा कोड टाकला की फोनची स्वतःची सेन्सर तपासणी उघडते:

```
*#0*#
```

तिथेही आकडे एकाच जागी गोठलेले असतील, किंवा फोन मोकळ्या मैदानात, कव्हरशिवाय, कॅलिब्रेट करूनही 40-45 च्या आसपास येत नसेल, तर सेन्सर खराब आहे असं समजायला हरकत नाही. फोन पडल्यानंतर किंवा आतला एखादा भाग बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला ते आधी सांगा.

शेवटची खात्री सूर्याची

दरवर्षी 28 मेला (लीप वर्षात 27 मेला) भारतीय वेळेनुसार दुपारी सुमारे 2:48 वाजता आणि 16 जुलैला (लीप वर्षात 15 जुलैला) सुमारे 2:57 वाजता सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी सरळ उभ्या काठीच्या सावलीच्या नेमकी उलट दिशा म्हणजे किब्ला. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे महिन्याची तारीख धरा आणि घरात फरशीवर एक रेघ मारून ठेवा.

कोंढव्याच्या घरी आम्ही भाईजानचा फोन कव्हर काढून गच्चीवर कॅलिब्रेट केला आणि मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मेहराबशी पडताळून पाहिला. दोन्ही जुळले. अब्बांनी जानमाज अंथरली आणि म्हणाले, "बस, आता 28 मेला रेघ मारू."