‘आमचा मेकॅनिक स्वस्तात करतो’: प्युरिफायरचा एएमसी फोनवर विकताना काय बोलावं?

स्क्रिप्ट किमतीपासून सुरू केली की ग्राहक फोन ठेवतो. सुरुवात त्याच्याच मशीनपासून करा: "ताई, तुमच्या आरओचे फिल्टर शेवटचे कधी बदलले?" तारीख आठवली नाही, तर बोलणं आपसूक पुढे जातं.

मग नेहमीचा आक्षेप येतो, "आमचा मेकॅनिक स्वस्तात करतो." त्याला नावं ठेवू नका (तो बहुधा ओळखीचाच असतो). नोट्समध्ये हिशेब तयार ठेवा. समजा, वर्षातल्या दोन भेटींचे ८०० रुपये, सेडिमेंट आणि कार्बन फिल्टरचे १,२०० आणि मेम्ब्रेनचे २,०००, म्हणजे एकूण ४,०००. करार ३,५०० चा असेल तर ५०० वाचतात. पण मेम्ब्रेन बदलावं लागलंच नाही, तर तोच करार १,५०० नी महाग पडतो.

म्हणून आधी विचारा, "मेम्ब्रेन किती जुनं आहे?" नुकतंच बदललं असेल तर मेम्ब्रेन नसलेला स्वस्त प्लॅन सांगा. मात्र "यात मेम्ब्रेन धरलेलं नाही" हे वाक्य पैसे घेण्याआधीच बोला. ते राहिलं की घरी आलेला टेक्निशियन जादा पैसे मागतो आणि पुढच्या वर्षी तो ग्राहक तुमचा फोनही उचलत नाही.