दोन बहिणींची देवळे आणि शिखरांच्या दोन तऱ्हा



सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलेल्या बायकांनी मलप्रभा नदी पाहिलेली असते. तीच नदी पुढे बदामीच्या बाजूला जाते. बदामीची बनशंकरी कितीतरी मराठी घरांची कुलदेवी आहे, त्यामुळे तिथवरही आपल्यातल्या बऱ्याच जणी जाऊन आल्या असतील. पण ओटी भरून, प्रसाद घेऊन आपण परत फिरतो. बदामीपासून वीस-बावीस किलोमीटरवर, मलप्रभेच्याच काठी पट्टदकल नावाचे गाव आहे, तिथे गाडी सहसा वळत नाही. आज त्याच गावाबद्दल बोलायचे आम्ही ठरवले आहे.

देवळाच्या शिखराच्या भारतात दोन मोठ्या तऱ्हा. उत्तरेकडची ती नागर आणि दक्षिणेकडची ती द्राविड. एरवी एक पाहायला मध्य प्रदेशात किंवा ओरिसात जावे लागते, दुसरी पाहायला तमिळनाडूत. पट्टदकलला मात्र दोन्ही तऱ्हेची देवळे एकाच आवारात उभी आहेत. दगड एकच, राजघराणे एकच, काळही साधारण एकच, म्हणजे इसवी सनाचे आठवे शतक. मल्लिकार्जुनाचे देऊळ दक्षिणी तऱ्हेचे आणि त्याला अगदी लागून काशीविश्वनाथाचे देऊळ उत्तरी तऱ्हेचे. दोघांच्या मध्ये उभे राहून मान इकडून तिकडे वळवली की फरक कळतो.

आधी उत्तरी तऱ्हा पाहू. तिथले गळगनाथाचे देऊळ त्यासाठी चांगले, कारण त्याचे शिखर वरच्या टोकापर्यंत शाबूत आहे. लांबून ते केळफुलासारखे दिसते. खाली रुंद, वर जाताना हळूहळू आत झुकणारे. जवळ गेलात की शिखराची एक कड धरा आणि नजर खालून वर न्या. नजर कुठे अडकत नाही, कडेबरोबर सरळ वर सरकते आणि शेवटी आत वळते. शिखराच्या अंगावर जे उभे पट्टे असतात तेही असेच तळापासून माथ्यापर्यंत जातात. माथ्यावर एक मोठी दगडी चकती बसवलेली असते, सगळीकडून खाचा पाडलेली. तिला आमलक म्हणतात, म्हणजे आपला आवळा. आवळ्याच्या अंगावर रेघा असतात तशाच या खाचा. त्याच्यावर कळस. शिखराच्या कोपऱ्यांवरही थोड्या थोड्या अंतराने असे लहान आवळे बसवलेले दिसतील. नीट पाहिले तर ते मजल्यांच्या खुणा आहेत, पण मजले दाबून एकमेकांत मिसळून टाकलेले आहेत. नजर अडकत नाही ती त्यामुळेच.

आता दक्षिणी तऱ्हा. विरूपाक्षाच्या देवळाकडे या. हे आवारातले सगळ्यात मोठे देऊळ, आणि तिथे अजून पूजा चालते. याच्या शिखराची कड धरून नजर वर नेली तर ती ठेचकाळत जाते. एक मजला, मग आत सरकून दुसरा, मग आणखी आत सरकून तिसरा. घरात मडक्यांची उतरंड रचतो ना, मोठे खाली, लहान वर, आणि प्रत्येक मडक्याचा काठ वेगळा दिसतो, तसेच. प्रत्येक मजल्याच्या कठड्यावर छोट्या छोट्या दगडी देवळांची रांग असते. कोपऱ्यावरचे देऊळ चौकोनी, डोक्यावर घुमटी असलेले. मधले लांबट, बैलगाडीवर घातलेल्या टपासारख्या गोल पाठीचे. सगळ्यात वर टोपीसारखा एक मोठा घुमट आणि त्यावर कळस. आवळ्याची चकती इथे नाही. विरूपाक्षाची टोपी चौकोनी आहे आणि शेजारच्या मल्लिकार्जुनाची गोल. दोन्ही देवळे बाकी जुळ्यासारखी असल्याने गाईड हाच फरक पहिला दाखवतात.

इथे शब्दांचा एक घोळ आहे. आपण गाभाऱ्यावरच्या सगळ्या उंच बांधकामाला शिखर म्हणतो, उत्तरेतही तसेच म्हणतात. दक्षिणेत मात्र त्या सगळ्या उंच भागाला विमान म्हणतात आणि शिखर म्हणजे फक्त वरची टोपी. पाटीवर विमान वाचून गोंधळू नका.

शिखराशिवाय आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे आवार. विरूपाक्षाला चारी बाजूंनी भिंत आहे, भिंतीत दरवाजे आहेत, आणि समोर नंदीला स्वतःचा वेगळा मंडप आहे. दक्षिणी देवळात अशी भिंत आणि वेशीसारखा दरवाजा असतोच म्हणा ना. त्या दरवाजाला गोपुर म्हणतात. पट्टदकलला गोपुरे ठेंगणी आहेत. पुढच्या काही शतकांत तमिळनाडूत ती वाढत वाढत देवळापेक्षाही उंच झाली. म्हणूनच मदुराई किंवा श्रीरंगमचे फोटो पाहून आपल्याला वाटते की ते रंगीत उंच बांधकाम म्हणजे देवाचे शिखर. ते शिखर नव्हे, ती वेस आहे. ओळखायची खूण सोपी. गोपुराच्या खालून माणसे ये-जा करतात, आणि त्याच्या माथ्यावर लांबट पाठीवर कळसांची ओळ असते. विमानाच्या खाली गाभारा असतो आणि वर कळस एकच.

आता प्रश्न असा की कर्नाटकातल्या या गावात दक्षिणेची ही तऱ्हा एवढ्या थाटात आली कुठून? ही गोष्ट लढाईची आहे आणि एका राणीची आहे.

बदामीला चालुक्य राजे होते आणि तमिळ मुलखात कांचीला पल्लव. दोघांचे पिढ्यान्‌पिढ्या वैर. इसवी सन 642 मध्ये पल्लवांनी बदामी जिंकली होती. पुढे सुमारे शंभर वर्षांनी चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली. पण त्याने तिथले कैलासनाथाचे मोठे देऊळ लुटले नाही. देवाचे धन देवाला परत केले आणि तसा कन्नड लेख त्याच देवळात कोरून ठेवला. तो लेख आजही आहे. जिंकलेल्या शहराची जी गोष्ट घरी आली ती म्हणजे देऊळ बांधायची ती तऱ्हा. या विजयाची आठवण म्हणून विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने 740 च्या सुमारास पट्टदकलला हे देऊळ बांधवले. सूत्रधार गुंड नावाचा होता. त्याला या कामाबद्दल त्रिभुवनाचार्य असा किताब दिल्याचे देवळाच्या दरवाजावरच्या लेखात कोरलेले आहे. देवळात गाणाऱ्या कलावंतांचे आधीपासून चालत आलेले हक्क राणीने कायम केले, हेही लेखात आहे. राजाची दुसरी राणी त्रैलोक्यमहादेवी ही लोकमहादेवीची सख्खी बहीण. तिने शेजारी दुसरे देऊळ बांधवले, तेच आजचे मल्लिकार्जुन.

मैत्रिणींनो, त्या काळी या देवळांची नावे वेगळी होती. लोकमहादेवीचे ते लोकेश्वर आणि त्रैलोक्यमहादेवीचे ते त्रैलोक्येश्वर. राण्यांच्या नावावरूनच ठेवलेली. पुढे केव्हातरी विरूपाक्ष आणि मल्लिकार्जुन ही नावे रूढ झाली आणि बायकांची नावे देवळांवरून उतरली. दगडावर कोरलेला लेख नसता तर ही देवळे राजाने बांधली असेच आपण आज म्हणत बसलो असतो. घराच्या उताऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आपल्या गटांना किती हेलपाटे घालावे लागतात ते आम्ही वेगळे सांगायला नको.

आवारात एक दगडी खांबही आहे. तो त्रैलोक्यमहादेवीचा मुलगा कीर्तिवर्मा दुसरा याच्या काळातला, 754 सालचा. या दोघी सख्ख्या बहिणी होत्या आणि दोघींनी देवळे बांधवली, हे त्या खांबावर लिहिले आहे. आम्हाला त्यात सगळ्यात नवल वाटते ते असे की एकच संस्कृत मजकूर खांबावर दोन लिप्यांत कोरला आहे, एक उत्तरेकडची आणि एक दक्षिणेकडची. देवळेही दोन तऱ्हेची, लिप्याही दोन. या गावाला दोन्हीकडचे वाचता येत होते. उत्तरी तऱ्हा एका लोकांची आणि दक्षिणी दुसऱ्या लोकांची, अशी वाटणी करायला गेलो तर पट्टदकलला ती जमत नाही.

कारागिरांनी तर दोन्ही एकाच देवळातही घातल्या. आवारापासून थोडे दक्षिणेला पापनाथाचे देऊळ आहे. त्याच्या गाभाऱ्यावर आवळ्याच्या तऱ्हेचे उत्तरी शिखर, आणि मंडपाच्या कठड्यावर मात्र दक्षिणेतली ती छोट्या देवळांची रांग. त्याच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग आहेत, तेही पाहून घ्या. खरे सांगायचे तर ते शिखर लांबलचक मंडपापुढे लहान दिसते, बेतलेला झगा अंगाला बसला नाही असे वाटते. म्हणून एक खूण पाहून निकाल देऊ नये. शिखराच्या पुढच्या बाजूला नाकासारखा जो भाग बाहेर येतो, त्याला शुकनास म्हणजे पोपटाचे नाक म्हणतात. तो उत्तरी देवळांची खूण म्हणून सांगतात, पण विरूपाक्षालाही तो आहे. कड आणि माथा या दोन खुणा भरवशाच्या.

आपल्या महाराष्ट्रातही हे पाहता येते. चालुक्यांचे राज्य राष्ट्रकूटांनी घेतले आणि राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. त्याची मांडणी विरूपाक्षासारखी आहे. पुढे वेस, मग वेगळा नंदीमंडप, मग मंडप आणि गाभाऱ्यावर मजल्यामजल्यांचे विमान. फरक एवढाच की विरूपाक्ष खालून वर रचले आणि कैलास डोंगरातून वरून खाली कोरून काढले. म्हणजे कांचीची तऱ्हा बदामीमार्गे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापर्यंत पोचली.

सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलात तर मात्र डोळे फसतील. त्याच्या शिखरावरही छोट्या शिखरांच्या रांगा आहेत, म्हणून ते दक्षिणी वाटते. तिथे पुन्हा कड धरा. चारी बाजूंना मधोमध एकेक पट्टा तळापासून वरपर्यंत अखंड गेला आहे, आणि छोटी शिखरेही त्या पट्ट्यांच्या मधून उभ्या रांगांत वर चढतात. मजल्याचा आडवा काठ नजर अडवत नाही. हा उत्तरी तऱ्हेचाच एक प्रकार, त्याला भूमिज म्हणतात. अंबरनाथचे 1060 सालचे शिवमंदिरही त्याच प्रकारचे, पण त्याचे शिखर वरून पडलेले आहे, त्यामुळे तिथे माथा पाहून ओळखता येत नाही, पट्ट्यांवरूनच ओळखावे लागते.

पुढच्या खेपेला बनशंकरीला गाडी ठरवताना ड्रायव्हरला पट्टदकलचे आधीच सांगून ठेवा, आणि ऊन चढायच्या आत पोचा. दुपारी दगड तापतो, अनवाणी विरूपाक्षाला फेरी घालवत नाही.