दुपारी मशीन सुस्त पडतंय? हायड्रॉलिक ऑइलचा ४६ आणि ६८ नंबर नेमकं काय सांगतो

शेततळी, विहिरी, बांधबंदिस्ती ही कामं नेमकी एप्रिल-मे महिन्यात निघतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तेव्हा पारा ४४ अंशांपर्यंत जातो. सकाळी झपाझप चालणारं बॅकहो मशीन, म्हणजे गावाकडे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात ते, दुपारी दोननंतर सुस्त होतं. बूम हळू उठतो, भरलेली बकेट जोर धरत नाही. समजा सकाळी एका बकेटला २० सेकंद लागत होते आणि दुपारी २५ लागले, तर तासाला १८० ऐवजी १४४ बकेटच निघतात. भाडं मात्र तासावर असतं, त्यामुळे हा फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

ऑपरेटर बहुतेक वेळा पंपाला दोष देतात. पण आधी ऑइलकडे बघायला हवं.

ऑइलच्या डब्यावर व्हीजी ४६ किंवा व्हीजी ६८ असं लिहिलेलं असतं. हा आकडा ऑइलचा घट्टपणा सांगतो, आणि तोही ऑइल ४० अंशांवर असतानाचा. हा घट्टपणा सेंटीस्टोक या एककात मोजतात. तापल्यावर ऑइल पातळ होतं, तेलाच्या कढईत दिसतं तसंच. साधारण प्रतीचं ४६ नंबरचं ऑइल ७० अंशांवर १५ सेंटीस्टोकच्या आसपास येतं, तर ८५ अंशांवर जेमतेम १० वर. अनेक पंपांसाठी १० ही जवळपास शेवटची पायरी समजली जाते. त्याखाली ऑइलचा थर इतका पातळ होतो की धातूवर धातू घासायला लागतो.

सुस्तीचं कारणही इथंच आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या आत बारीक फटी असतात. पातळ ऑइल त्या फटींतून मागे निसटतं आणि सिलिंडरपर्यंत कमी पोचतं. हे निसटलेलं ऑइल काम न करता नुसती उष्णता तयार करतं. त्यानं ऑइल आणखी तापतं, आणखी पातळ होतं, आणखी निसटतं. जुन्या, झिजलेल्या पंपात फटी मोठ्या असल्यानं हा त्रास लवकर जाणवतो.

८५ अंश येतात कुठून? समजा, जानेवारीत हवा २९ अंश असताना एखाद्या मशीनचं ऑइल ७० वर स्थिर राहतं, म्हणजे हवेपेक्षा ४१ अंश जास्त. कूलर तोच, काम तेवढंच, तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात ४४ अंशांच्या हवेत तेच ऑइल ८५ वर जातं. साधारण ८२ अंशांच्या पुढे सीलही कडक होऊ लागतात आणि ऑइल लवकर खराब होतं.

मग ६८ नंबर टाकावं का? ६८ नंबरचं ऑइल ८५ अंशांवर १३ च्या आसपास राहतं. तेवढा घट्टपणा ४६ नंबरला साधारण ७५ अंशांवर मिळतो. थोडक्यात, एक नंबर वर जाणं म्हणजे ऑइल १० अंश थंड ठेवल्यासारखं. पण फरक घट्टपणापुरताच. ऑइल तापलेलंच राहतं, त्यामुळे सील तसेच भाजत राहतात. म्हणून आधी कूलर बघा, तो साफ करायला ऑइलइतका खर्चही येत नाही. जाळीत धूळ, पाचट आणि ग्रीस बसलेलं असतं. इंजिन बंद करून, गार झाल्यावर, हवेच्या उलट दिशेनं कॉम्प्रेसरची हवा मारावी. जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पात्या वाकतात.

यानंतरही दुपारी टाकी ८० च्या वर जात असेल, तर मशीनच्या पुस्तकातला तापमानाचा तक्ता उघडा. तुमच्या भागातल्या हवेला ६८ चालतं असं त्यात असेल, तरच बदला. डिसेंबरच्या थंड पहाटे ६८ जास्त घट्ट असतं. तेव्हा मशीन काही मिनिटं हळू चालवून ऑइल कोमट होऊ द्यावं, नाहीतर पंप ओढ खातो आणि घरघरतो.

तपासायला साधी टेंपरेचर गन पुरते. टाकीच्या रंगवलेल्या भागावर, ऑइलच्या पातळीच्या खाली, सकाळी आणि दुपारी असं दोनदा मोजा. चकचकीत धातूवर आकडा कमी दिसतो. सकाळी तेज आणि दुपारी सगळीच कामं सुस्त, तर ऑइल पातळ होतंय आणि पंपही झिजत चाललाय असं समजा. सकाळपासूनच सुस्त असेल तर फिल्टर आणि ऑइलची पातळी बघा. एकच सिलिंडर हळू चालत असेल तर दोष त्याच्या सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधा, ऑइल बदलून तो जाणार नाही.

गळती शोधताना होजवर हात मात्र फिरवू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालची ऑइलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जावं लागतं.