तिघांचा गेम आणि हिश्शाचा कागद

मित्रांनी मिळून गेम करायचा ठरला की हिश्शाचा प्रश्न बहुधा ‘सगळ्यांना सारखं’ एवढ्यावर मिटतो. काहीच लिहिलं नाही तरी कायदा तेच सांगतो. त्यांचं नातं भागीदारीचं ठरलं, तर भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तेव्हा नफा-तोटा समसमान वाटला जातो. प्रत्येकाने किती काम केलं हे तिथे कोणी विचारत नाही.

समजा, पुण्यातले तिघे स्टीमवर विकायचा एक कोड्यांचा गेम करत आहेत. एक प्रोग्रामर, एक चित्रकार, एक संगीतकार. परतावे आणि कर वजा जाता १० लाख रुपयांची विक्री झाली. स्टीमचा सर्वसाधारण ३० टक्के वाटा गेल्यावर ७ लाख उरले. त्यातून आधी खिशातून घातलेले पैसे ज्याचे त्याला परत द्यायचे: गेम नोंदवण्याचं १०० डॉलर शुल्क, फॉन्टचा परवाना, ट्रेलर, असे मिळून ६० हजार. उरलेल्या ६ लाख ४० हजारांपैकी दहावा भाग, म्हणजे ६४ हजार, प्रकाशनानंतरच्या दुरुस्त्यांसाठी बाजूला. वाटायला राहिले ५ लाख ७६ हजार.

समान वाटणीत प्रत्येकाला १ लाख ९२ हजार मिळतात. आता कामाच्या तासांची नोंदवही उघडू. प्रोग्रामरचे १००० तास, चित्रकाराचे ६००, संगीतकाराचे २००, एकूण १८००. तासाला ३२० रुपये पडतात. म्हणजे प्रोग्रामरला ३ लाख २० हजार, चित्रकाराला १ लाख ९२ हजार आणि संगीतकाराला ६४ हजार. गंमत म्हणजे चित्रकाराला दोन्ही हिशेबांत तितकेच पैसे मिळतात, त्यामुळे ‘कशाला उगाच हिशेब?’ असं तो मनापासून म्हणू शकतो. प्रश्न उरलेल्या दोघांतल्या १ लाख २८ हजारांचा आहे.

पण नुसते तास मोजले की संथ काम करणाऱ्याचा फायदा होतो. म्हणून खर्ची पडलेले तास न धरता आधी ठरवलेले तास धरावेत. पात्राच्या चालण्याचं अ‍ॅनिमेशन १२ तासांचं ठरलं आणि प्रत्यक्षात २० लागले, तरी जमा १२च, आणि तेही ते अ‍ॅनिमेशन गेममध्ये बसून चालू लागल्यावर. अंदाज वारंवार चुकत असेल तर पुढच्या कामांचे तास तिघांनी मिळून बदलावेत, मागचे नाहीत. ही वही प्रकाशनाच्या दिवशी बंद होते. नंतरच्या दुरुस्त्यांना बाजूला ठेवलेल्या रकमेतून त्याच दराने पैसे मिळतात. ६४ हजारांत २०० तास बसतात.

ही पद्धत सोडून जाणाऱ्यालाही लागू पडते. चित्रकार ३०० तास जमा करून नोकरीला लागला आणि उरलेले ३०० दुसऱ्याने केले, तर पहिल्याचे ९६ हजार शाबूत राहतात. मात्र त्याची चित्रं काढून टाकावी लागली तर काय, हे आधीच लिहिलेलं हवं. माझ्या मते एकदा मान्य झालेलं काम नंतर वगळलं तरी त्याचे तास कापू नयेत. वगळण्याचा निर्णय त्याचा नव्हता. संगीतासारखं आखीव, छोटं काम असेल तर हिश्शाऐवजी ठरावीक मानधन देणं सगळ्यांनाच सोपं जातं.

भूमिका लिहिताना ‘कोड’, ‘चित्रं’, ‘संगीत’ एवढं पुरत नाही. गेमची रचना कोणाच्याच नावावर नसते, म्हणून ती सगळ्यांचीच होते आणि एकेक पातळी तीन-तीनदा बदलते. प्रत्येक विभागात शेवटचा शब्द कोणाचा, आणि वेळ अपुरी पडली तर काय कापायचं हे कोण ठरवणार, तिथे एकेकच नाव लिहावं. विक्रीचे पैसे ज्याच्या बँक खात्यात येतात त्याने किती दिवसांत वाटायचे आणि त्यावरचा कर कसा धरायचा, हेही त्याच कागदावर यावं.

सर्वांत जास्त राहून जातं ते हक्कांचं कलम. चित्राचा हक्क सहसा मुळात चित्रकाराचा असतो. तो नोकर नसेल तर गेममध्ये चित्र वापरलं म्हणून हक्क गटाकडे जात नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जगभर विकायच्या गेमला हे परवडत नाही. शिवाय हस्तांतरणानंतर एका वर्षात तो हक्क वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, तो संपतो. पहिल्याच महिन्यात सही घेतली आणि गेम यायला दोन वर्षं लागली, तर नेमकं हेच घडू शकतं. म्हणून मुदत, प्रदेश आणि या एका वर्षाच्या अटीतून सूट, तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मोबदल्याच्या जागी नोंदवहीतल्या हिश्शाचा उल्लेख करावा, आणि गेम प्रकाशितच झाला नाही तर ठरावीक तारखेनंतर चित्रं चित्रकाराकडे परत जातील, असंही नमूद करावं.