तुळशीरामची बोटे कोणी नेली? वरोऱ्यातील एक रात्र आणि एका संथ जंतूचा इतिहास

१/
वरोरा, तेव्हाचा चांदा जिल्हा. १९४० च्या दशकाचा उत्तरार्ध. पावसाळी रात्री घरी परतणाऱ्या एका तरुण वकिलाला रस्त्याच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे पडलेले दिसले. जवळ गेल्यावर ते गाठोडे हलले. तो तुळशीराम नावाचा महारोगी होता. हातापायांना बोटे नव्हती, जखमांत अळ्या पडल्या होत्या. वकील तिथून पळाला. नगरपालिकेचा उपाध्यक्ष असताना ज्याने डोक्यावरून मैला वाहिला होता, तो मुरलीधर देविदास आमटे आयुष्यात पहिल्यांदा भ्यायला होता.

२/
पुढे तो परत आला, तुळशीरामवर छप्पर धरले आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली. हा प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याकडे सहसा एका माणसाच्या मनःपरिवर्तनाची कथा म्हणून पाहिले जाते. पण त्या रात्रीत वैद्यकाच्या इतिहासाचा एक प्रश्नही दडलेला आहे. तुळशीरामची बोटे नेमकी कोणी नेली? आणि ज्या भीतीने आमटे पळाले, ती भीती कितपत खरी होती?

३/
पहिल्या प्रश्नाचे जुने उत्तर असे होते : रोग अंग खातो, मांस कुजते आणि बोटे झडतात. हे उत्तर चुकीचे आहे. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे आर्माउअर हान्सेन याने रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले. हा जंतू क्षयाच्या जंतूचा नातलग आहे, पण वृत्तीने विलक्षण संथ. पोटातले अनेक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. कुष्ठाच्या जंतूला त्याच कामासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेतील कृत्रिम अन्नावर तो आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही.

४/
या संथपणामुळेच संसर्ग आणि पहिली खूण यांत साधारण पाच वर्षे जातात, कधी वीसही. जंतूची दुसरी आवड थंडाव्याची. शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा थोड्या कमी तापमानात, तीस ते तेहेतीस अंशांच्या आसपास, तो सुखाने राहतो. म्हणून तो त्वचा, नाक, कानाची पाळी आणि त्वचेलगत धावणारे मज्जातंतू निवडतो. कोपर अवचित आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे जो मज्जातंतू अगदी वर आलेला असतो, तो या जंतूचे आवडते ठिकाण. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा मज्जातंतूही तसाच.

५/
मज्जातंतूला आवरण पुरवणाऱ्या पेशींत जंतू शिरतो. पुढची बरीचशी हानी तो स्वतः करत नाही. त्याला ओळखून शरीराचे संरक्षक सैन्य तिथे धावते, सूज येते आणि अरुंद जागेत अडकलेला मज्जातंतू चेंगरतो. सुरुवातीला त्वचेवर एक फिकट किंवा तांबूस चट्टा दिसतो. तो खाजत नाही, दुखत नाही. त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात आणि स्पर्श कळेनासा होतो. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून कोण दवाखान्यात जाईल?

६/
आता झाडीपट्टीतील एका शेतमजुराचा हात डोळ्यांसमोर आणावा. पहिल्या वर्षी मनगटाजवळ चट्टा. नंतर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. विडी बोटांत शेवटपर्यंत जळते आणि चटका लागल्याचे त्वचा काळी पडल्यावर कळते. पुढे त्याच मज्जातंतूवर चालणारे लहान स्नायू दुबळे होतात आणि ती दोन बोटे आत वळून पंजासारखी राहतात. चुलीवरचे भांडे उचलताना फोड येतो. तो दुखत नाही, म्हणून हात कामातच राहतो. फोडाची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते, हाड थोडे थोडे झिजते आणि बोट आखूड होत जाते.

७/
पायाचीही तीच कथा. मोहफुले वेचायला अनवाणी निघालेल्या माणसाच्या तळव्यात काटा मोडतो आणि तो दिवसभर त्यावर चालतो. निरोगी माणूस नकळत लंगडतो, वजन दुसऱ्या पायावर टाकतो. वेदना त्याला तसे करायला लावते. बधिर पायाला असा पहारेकरी उरत नाही. तुळशीरामची बोटे जंतूने खाल्ली नव्हती. वेदना आधी गेली, आणि पुढची अनेक वर्षे चूल, काटे, दगड आणि मळलेल्या जखमा यांनी बोटे नेली. जखमांतल्या अळ्याही त्याला जाणवत नव्हत्या.

८/
दुसरा प्रश्न भीतीचा. हान्सेनचे सासरे डॅनिएल डॅनिएल्सन हे स्वतः मोठे कुष्ठतज्ज्ञ होते. रोग आनुवंशिक आहे असे ते मानत. त्यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या शरीरात टोचून घेतले, पण रोग झाला नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी बाबा आमटे कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकत होते. तिथे त्यांनीही प्रयोगासाठी आपला देह पुढे केला आणि जंतू टोचून घेतले. त्यांनाही रोग झाला नाही.

९/
डॅनिएल्सन यांनी आपल्या अनुभवातून रोग संसर्गजन्य नाही असा निष्कर्ष काढला, आणि तो चुकला. रोग पसरतो, पण बहुतेकांना होत नाही. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसांचे शरीर या जंतूला मुळातच दाद देत नाही. उपचार न घेतलेल्या, अंगात जंतू पुष्कळ असलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून तो मुख्यतः जातो, तेही महिनोन्‌महिने निकट सहवास असेल तर. हात मिळवून, एका पंगतीत जेवून किंवा शेजारी बसून तो लागत नाही. आईच्या पोटात बाळाला होत नाही. घरातल्या एकाहून अधिक माणसांत दिसतो, त्यामागे दीर्घ सहवास असतो आणि काही अंशी प्रतिकारशक्तीचा वारसा. शाप किंवा पूर्वजन्मीचे पाप हे त्याचे कारण नाही.

१०/
समाजाने मात्र नेमक्या चुकीच्या माणसाला भ्यायला सुरुवात केली. बोटे झडलेल्या माणसाच्या अंगात अनेकदा जिवंत जंतू उरलेलेच नसतात. त्याची विकृती ही जुन्या लढाईची खूण असते. उलट, धडधाकट दिसणारा, उपचार न घेतलेला माणूस जंतू पसरवत असू शकतो. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने भटक्या, निर्धन रुग्णांना पकडून आश्रमात कोंडण्याची सोय केली. सार्वजनिक विहिरीवर अंघोळ करणे आणि खाद्यपदार्थ विकणे यांसारख्या गोष्टींवर त्यांना बंदी घालता येऊ लागली. केंद्राने हा कायदा रद्द केला तो २०१६ मध्ये.

११/
अशा कायद्याचा आणि गावच्या बहिष्काराचा परिणाम उघड होता. पहिला चट्टा लपवला जाई. लपवलेला चट्टा बधिर हात होई, बधिर हात झडलेली बोटे होई, आणि ती बोटे पाहून गाव आणखी भिई. भीतीमुळे विकृती आणि विकृतीमुळे भीती, असे हे चक्र होते. ते मधून तोडायचे तर दुखण्यापूर्वीच रोग शोधणे भाग होते.

१२/
वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन चिमुकली मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. त्याच काळात डॅप्सोन हे पहिले स्वस्त आणि परिणामकारक औषध उपलब्ध झाले होते. मात्र त्याची मर्यादा आनंदवनात रोज दिसे. डॅप्सोन जंतू मारी, पण मेलेला मज्जातंतू परत आणू शकत नसे. माणूस बरा होई, हात मात्र तसाच राही, आणि घर त्याला परत घेत नसे.

१३/
म्हणूनच आनंदवन नुसते रुग्णालय राहू शकले नाही. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले. आरंभी इथला भाजीपाला घ्यायला वरोऱ्यातील लोक कचरत. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने राबले, जेवले आणि त्यांना काही झाले नाही. हळूहळू गावाचे पाय आनंदवनाकडे वळले. पुस्तकी समजुतीने जे साधले नसते, ते त्या सहवासाने साधले.

१४/
चक्र तोडण्याची दुसरी वाट शेजारच्या वर्ध्यात सापडली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्थेचे डॉ. रा. वि. वारदेकर यांनी रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी औषध खेड्यात नेले. पाहणी, शिक्षण आणि उपचार ही त्यांची त्रिसूत्री होती. घरोघरी जाऊन प्रत्येकाची त्वचा तपासायची, चट्टा सापडला की माणूस घरीच राहून गोळ्या घेईल अशी व्यवस्था करायची. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानेही हीच दिशा धरली.

१५/
डॅप्सोन एकटे वर्षानुवर्षे घ्यावे लागे आणि १९६० च्या दशकात जंतू त्याला जुमानेनासे झाल्याचे सिद्ध झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली : रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेतच बहुसंख्य जंतू मरतात आणि थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होणे थांबते. तरीही चट्टे पाचपर्यंत असतील तर सहा महिने आणि अधिक असतील तर बारा महिने औषध घ्यावे लागते. अर्धवट सोडल्यास उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात.

१६/
एक धोका औषधानंतरही उरतो. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही शरीर मेलेल्या जंतूंवर अवचित भडकते. चट्टे लाल होऊन सुजतात, मज्जातंतू दुखू लागतो आणि काही दिवसांत हात किंवा पाऊल लुळे पडू शकते. हे औषधाचे विष नव्हे, म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात. सूज उतरवणारी स्टिरॉइड औषधे वेळेत मिळाली तर मज्जातंतू वाचतो. दुबळेपणा येऊन सहा महिने उलटले असतील, तर तो परतण्याची आशा फार कमी उरते.

१७/
१९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही तुटतो. अशा मुलखात सहा महिन्यांची मुदत किती आखूड आहे, हे सांगायला नको. भारताने २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठले, पण ती देशाची सरासरी होती. चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात आणि आशाताई अजूनही दारोदार चट्टे शोधतात. कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला तो कुठे झाला ते बोटाने दाखवायला सांगायचे, एवढीच ती तपासणी. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

१८/
तुळशीरामच्या अंगावरही कधीतरी पहिला चट्टा उमटला असेल. तेव्हा त्याची दहाही बोटे शाबूत होती. पण त्या वर्षांत त्याला देण्याजोगे खात्रीचे औषध वरोऱ्यात कोणाकडेच नव्हते. आज ते तालुक्याच्या दवाखान्यात आहे, आणि चट्टा दाखवायला माणूस किती लवकर येतो यावर त्याच्या बोटांचे भवितव्य ठरते.

(समाप्त)