नाणेघाटात नसलेलं शून्य

भंडारदऱ्याहून सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेला उतरत गेलं की जुन्नरच्या वर नाणेघाट लागतो. तिथल्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. कोणत्या यज्ञात काय दान दिलं, याचा तो हिशेब. एके ठिकाणी गायी १७००, एके ठिकाणी कार्षापण २४,४००. आकडे भलेमोठे, पण सबंध भिंतीवर शून्य नाही. आणि त्यावाचून लेखनिकाचं काहीच अडलेलं नाही. शंभराला एक खूण, हजाराला दुसरी, आणि किती शंभर किंवा किती हजार ते त्याच खुणेला जोडून दाखवायचं. म्हणजे २४,४०० ला तीन चिन्हं पुरतात: वीस हजाराचं, चार हजाराचं आणि चारशेचं. दशक आणि एकक नाहीत, तर त्यांची चिन्हंही नाहीत. इथे ६०५ लिहायची वेळ आली असती, तर सहाशेचं चिन्ह आणि पाचाचं, एवढ्यावर काम झालं असतं.

६०५ हा आकडा मुद्दाम घेतला. कंबोडियात मेकाँगच्या काठी, सांबोर इथे सापडलेल्या शिलालेखात शके ६०५ असं वर्ष कोरलेलं आहे: सहा, मग एक ठसठशीत टिंब, मग पाच. त्यात ७८ मिळवले की इसवी सन ६८३ येतं. ज्यावर नक्की तारीख आहे असं दशमान शून्य याहून जुनं अजून मिळालेलं नाही. आणि शक कोणता? आपल्या पंचांगात ज्याला शालिवाहन शक म्हणतात, तोच. शालिवाहन म्हणजे सातवाहन. ज्यांच्या भिंतीवर शून्य नाही, त्यांच्या नावाच्या कालगणनेत ते पहिल्यांदा तारखेसह उभं राहतं. अर्थात नावाचा हा धागा उशिरा जोडलेला आहे. जुने लेख नुसतं शककाल म्हणतात आणि शालिवाहनाचं नाव त्याला अनेक शतकांनी चिकटलं. नाशिकच्या लेण्यात तर गौतमीपुत्राची ओळख शकांचा संहार करणारा अशी आहे! पण नाव मागून आलं तरी ही गणना आपली होती, आणि मुद्दा तिथेच आहे.

कारण आक्षेप सरळ आहे: पुरावा कंबोडियात, मग शोध तिथलाच का मानू नये? उत्तर त्याच प्रदेशातल्या लेखांत मिळतं. ख्मेर भाषेतले त्या काळचे लेख गुलाम, जनावरं, भात मोजताना स्थानमूल्य वापरत नाहीत, तिथे जुनीच पद्धत चालते. स्थानमूल्य येतं ते फक्त शकाच्या वर्षाला. जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ साली हेच दाखवून दिलं. टिंब तिथे उपजलेलं नाही. ते शकाबरोबर, ज्योतिष्यांच्या हातून समुद्रापार गेलं.

यावरून माझं ठाम मत असं, की शून्याचा जन्म राजाच्या किंवा व्यापाऱ्याच्या वहीत झाला नाही. तो ग्रहगणित करणाऱ्यांच्या पाटीवर झाला. नाणेघाटाचा लेखनिक मोजलेलं नोंदवत होता, नोंदलेल्यावर पुन्हा गणित करत नव्हता. युगांची वर्षं आणि ग्रहांचे फेरे गुणणाऱ्याला मात्र रिकामं स्थान राखावंच लागतं, नाहीतर पुढच्या ओळीचे आकडे सरकतात. एका माणसाचं नाव त्याला देता येत नाही. आर्यभटाने प्रत्येक स्थान आधीच्या दसपट असतं हे सांगितलं, पण त्याचे अंक अक्षरांत आहेत. टिंब हा नुसता राखणदार राहिला नाही, ती संख्या झाली, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये नियमांनिशी मांडलं: संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य. शून्याला शून्याने भागून तो शून्य म्हणाला, ती चूक. पण अशी चूक करायलाही शून्याला संख्या मानावं लागतं. बाबिलोनियाच्या साठमान पद्धतीत रिकाम्या जागेची खूण त्याआधीच होती, हे खरंच. मात्र आकड्याच्या शेवटी ती लिहीत नसत, त्यामुळे एक की साठ हे संदर्भावरून ओळखावं लागे.

पुढचा प्रवासही ज्योतिषाच्याच वाटेने झाला. आठव्या शतकात भारतीय सिद्धांतग्रंथ बगदादला पोचले, नवव्यात अल-ख्वारिझ्मीने या अंकांवर लिहिलं. अरबांनी शब्दाचा ध्वनी घेतला नाही, अर्थ घेतला: शून्य म्हणजे रिकामं, म्हणून सिफ्र. १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने त्याचं झेफिरुम केलं आणि त्याचंच पुढे झिरो झालं. हिशेबनीस मात्र इथेही शेवटीच वळले. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वहीत हे अंक लिहायला बंदी घातली. रकमा रोमन आकड्यांत किंवा अक्षरी लिहायच्या. त्या रोमन आकड्यांतही, नाणेघाटासारखंच, शंभराला वेगळी खूण होती, हजाराला वेगळी, आणि रिकाम्या जागेला कोणतीच नाही.