बोंडअळीचे चक्र आणि बेंडिक्सनची कसोटी

2017 साली यवतमाळच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीने केलेला कहर आपल्याला आठवतो. अशा किडीच्या लाटा येतात तेव्हा एक प्रश्न पडतो. अळी आणि तिला खाणारे मित्रकीटक हेच आपापसात हे चक्र फिरवत असतील का? या प्रश्नाला गणिताचा एक जुना इतिहास आहे.

1926 साली इटलीच्या व्होल्टेरा यांनी एड्रियाटिक समुद्रातील माशांसाठी भक्ष्य-भक्षकाची समीकरणे मांडली. त्यांत दोघांची संख्या बंद कक्षेत कायम फिरत राहते. पण त्यात भक्ष्याला अन्नाची मर्यादाच नव्हती. शेतात बोंडे मोजकीच असतात. म्हणून अळ्या x आणि मित्रकीटक y धरून, अळ्यांच्या आपसातील गर्दीचे b हे पद घालू:

```
x' = x(a - bx - cy)
y' = y(ex - d)
```

सगळी अक्षरे धन आहेत. आता चक्र उरते का?

उत्तराची वाट स्वीडनच्या इवार बेंडिक्सन यांनी 1901 साली दाखवली होती. बंद कक्षेवर प्रवाह कक्षेला लागूनच वाहतो, म्हणून तिच्यातून आत-बाहेर काहीच जात नाही. ग्रीनच्या प्रमेयाने, आतल्या भागातील अपसरणाची, म्हणजे प्रवाहाच्या फैलावाची, बेरीज शून्य यायला हवी. अपसरण सगळीकडे ऋण असेल तर बेरीज शून्य येऊच शकत नाही, आणि मग बंद कक्षा असूच शकत नाही.

आपल्या समीकरणांचे अपसरण a - 2bx - cy + ex - d येते. त्याचे चिन्ह जागोजागी बदलू शकते, म्हणून कसोटी गप्प बसते. इथे फ्रान्सच्या आंरी द्यूलाक यांची युक्ती कामी येते. प्रवाहाला आधी एका धन फलनाने गुणा. वाटा त्याच राहतात, फक्त वेग बदलतो. इथे 1/(xy) ने गुणले की पहिला भाग (a - bx - cy)/y होतो आणि दुसरा (ex - d)/x. पहिल्याचे x नुसार विकलन -b/y, दुसऱ्याचे y नुसार शून्य. बेरीज -b/y, म्हणजे x आणि y धन असलेल्या संपूर्ण चतुर्थांशात ऋण. त्या भागात भोक नाही, अक्ष ओलांडता येत नाहीत, म्हणून बंद कक्षा नाही.

b शून्य केला तर बेरीजही शून्य होते, आणि व्होल्टेरांची चक्रे परत येतात. गर्दीचे ते एक पद चक्र मोडते.

मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. चिन्ह बदलले म्हणून चक्र आहे असे ठरत नाही, आपण दुसरे फलन शोधायचे असते. शिवाय भक्षकाचे पोट भरते हे समीकरणात घातले, तर चक्र खरेच उमटू शकते, हे रोझेनझ्वाइग आणि मॅकआर्थर यांनी 1963 साली दाखवले. पण वरची समीकरणे लागू पडत असतील, तर पुन्हा पुन्हा येणाऱ्या लाटांचे कारण अळी-कीटकांच्या भांडणात नाही. ते पावसात, फवारणीत, पिकाच्या वेळापत्रकात शोधावे लागेल.